इंग्रजी संभाषण चाचणीतील ‘वुड’, ‘इफ’ आणि ‘माइट’

आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीतील संभाषणाचा भाग ११ ते १४ मिनिटे चालतो. त्याचा तिसरा टप्पा ४ ते ५ मिनिटांचा असतो. या टप्प्यात परीक्षक उमेदवाराच्या खाजगी आयुष्याबद्दल फारसे विचारत नाही. समाज, शिक्षण, शहरे, तंत्रज्ञान अशा व्यापक विषयांवर तो चर्चा करतो. ‘असे झाले तर काय होईल’, ‘पुढे काय होण्याची शक्यता आहे’ अशा प्रश्नांना येथे खरी इंग्रजी लागते, आणि मराठी भाषकाचे नेमके येथे अडते. कारण ‘जर–तर’ची रचना मराठीतही समृद्ध आहे, पण तिची वाटणी इंग्रजीपेक्षा वेगळी आहे.

मराठीत ‘बस फुकट झाली तर लोक गाड्या कमी वापरतील’ हे एकच वाक्य दोन प्रसंगी चालते. महापालिकेने निर्णय जवळजवळ घेतला असेल तरी ते बोलता येते आणि निव्वळ कल्पना असेल तरीही. ‘झाली’ हे रूप भूतकाळाचे दिसते, पण अर्थ भविष्याचा असतो. इंग्रजीत मात्र बोलण्याआधीच ठरवावे लागते. घटना होण्याजोगी वाटत असेल तर ‘इफ बसेस बिकम फ्री, पीपल विल ड्राइव्ह लेस’. ती केवळ कल्पनेतली असेल तर ‘इफ बसेस बिकेम फ्री, पीपल वुड ड्राइव्ह लेस’. दुसऱ्या वाक्यातील ‘बिकेम’चा भूतकाळाशी काही संबंध नाही, ते रूप वास्तवापासूनचे अंतर दाखवते. मराठी ‘झाली’ सवयीची असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला खरे तर सहज पटायला हवी. फरक एवढाच की मराठी हे रूप दोन्हीकडे वापरते आणि इंग्रजी फक्त कल्पनेसाठी राखून ठेवते.

दुसरी अडचण ‘असता’मुळे येते. ‘वेळ असता तर मी आलो असतो’ या वाक्यात दोन्ही बाजूंना एकच खूण आहे. तीच जुळणी इंग्रजीत उतरते आणि ‘इफ आय वुड हॅव टाइम, आय वुड कम’ असे वाक्य तयार होते. परीक्षेत ही चूक लगेच कानाला लागते. ‘वुड’ निष्कर्षाच्या बाजूला राहते, ‘इफ’च्या बाजूला साधे भूतकाळी रूप येते : ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. ‘इफ’नंतर ‘वुड’ येण्याची एक सवलत आहे, ती म्हणजे नम्र विनंती, उदाहरणार्थ ‘इफ यू वुड वेट अ मोमेंट’. चर्चेच्या उत्तरात तिची गरज सहसा पडत नाही.

शिवाय मराठी वाक्य आजच्या उणिवेबद्दल आहे की गेल्या वर्षीच्या, हे ‘असता’ सांगत नाही, संदर्भ सांगतो. इंग्रजीत ते वाक्यातच दिसावे लागते. गेलेल्या काळासाठी ‘इफ सिटीज हॅड बिल्ट मोअर ट्रेन लाइन्स’, आणि परिणाम आजचा असेल तर पुढे ‘ट्रॅफिक वुडन्ट बी सो बॅड नाउ’. कारण कालचे, परिणाम आजचा : या मिश्र रचनेला चर्चेत वारंवार वाव मिळतो, कारण सामाजिक प्रश्नांची मुळे बहुधा मागच्या निर्णयांत असतात.

‘माइट’ म्हणजे मराठीतले ‘होईलही’. उमेदवार बहुतेक वेळा ‘कदाचित’ शब्दशः आणतात आणि प्रत्येक वाक्य ‘मेबी’ने सुरू करतात, कधी ‘मेबी इट माइट विल’ असे शक्यतेचे शब्द एकत्र येतात. ‘माइट’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, ‘टू’ किंवा ‘विल’ नाही : ‘सम पीपल माइट मूव्ह आउट’. अधिक खात्री असेल तर ‘विल प्रॉबब्ली’. नकारात मात्र क्रम उलटतो आणि ‘प्रॉबब्ली वोन्ट’ म्हणतात. सगळ्याच विधानांना ‘माइट’ लावले की मत बोथट होते. ज्या परिणामाबद्दल बोलणाऱ्याला खरोखर शंका आहे, तेवढ्याच ठिकाणी तो शब्द शोभतो.

एक प्रश्न घेऊ : ‘सपोज ऑल बसेस अँड ट्रेन्स वेअर फ्री. हाउ वुड सिटीज चेंज?’ नेहमी ऐकू येणारे उत्तर असे असते : ‘इफ बसेस विल बी फ्री, मेनी पीपल विल लीव्ह देअर कार्स. रोड्स वुड बिकम एम्प्टी. मेबी गव्हर्नमेंट विल लूज मनी.’ आशय ठीक आहे, पण उत्तर ‘विल’ आणि ‘वुड’ यांच्यात हेलकावे खाते, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की हे भाकीत आहे की कल्पना. आता हाच विचार असा मांडता येतो :

‘आय थिंक द रोड्स वुड गेट क्वाएटर. इफ पीपल डिडन्ट हॅव टू पे, सम ऑफ देम वुड लीव्ह द कार ॲट होम, अँड अदर्स माइट इव्हन सेल इट. द बसेस वुड बी मोअर क्राउडेड, दो, सो द सिटी वुड हॅव टू रन मोअर ऑफ देम, अँड द मनी वुड कम फ्रॉम टॅक्सेस. इन रिॲलिटी, आय डोन्ट थिंक मेनी सिटीज विल डू इट सून.’

हे उत्तर साधारण अर्ध्या मिनिटाचे आहे. पहिल्या वाक्यात ‘इफ’ नाही, कारण अट प्रश्नातच आली आहे आणि ती पुन्हा म्हणण्याची गरज नाही. ‘इफ’ एकदाच येते, तेही अट नव्या शब्दांत सांगण्यासाठी. त्यानंतर ‘वुड’ हाच धागा प्रत्येक परिणामाला जोडत जातो. गाडी विकण्याबद्दल खात्री नाही, म्हणून तेथे ‘माइट’. शेवटी ‘इन रिॲलिटी’ म्हणून कल्पना सोडली जाते आणि मग ‘विल’ येते. काळ बदलणे चुकीचे नसते. न सांगता बदलणे चुकीचे असते. उत्तरात आजचे एखादे तथ्य आले, जसे ‘पीपल हू लिव्ह निअर अ स्टेशन ऑलरेडी वॉक’, तर ते वर्तमानातच राहते. त्याला ओढून ‘वुड’ लावू नये.

घसरण बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात होते, कारण तोवर लक्ष विषयाकडे गेलेले असते. ती पकडण्याचा उपाय सोपा आहे : उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करून फक्त क्रियापदे कागदावर उतरवावीत. ‘वुड’च्या रांगेत एखादे ‘विल’ दिसले, तर त्याआधी वास्तवाकडे वळल्याची खूण आहे का, ते पाहावे.

ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट सापडते. ‘दे वुड’चे बोलीत ‘देड’ होते, ‘आय वुड’चे ‘आयड’. शेवटचा ‘ड’ गिळला गेला तर ‘आयड गो’ हे ‘आय गो’ असे ऐकू येते आणि व्याकरण बरोबर असूनही चूक झाल्यासारखी वाटते. संक्षेप स्पष्ट उमटत नसेल तर पूर्ण ‘वुड’ म्हणणे बरे.

स्वतःच्या योजनांबद्दल विचारले तर ‘वुड’ बाजूला ठेवावे. ‘आय वुड डू माय मास्टर्स नेक्स्ट इयर’ हे अनेकांना नम्र भविष्यकाळ वाटते, पण ऐकणारा पुढच्या ‘इफ’ची वाट पाहतो, जणू शिक्षण कशावर तरी अडून आहे. ठरलेली गोष्ट ‘आयम गोइंग टू’ने, आखणी ‘आयम प्लॅनिंग टू’ने आणि केवळ इच्छा ‘आयड लाइक टू’ने सांगतात. यांपैकी शेवटच्या रचनेतले ‘वुड’ योग्य आहे, कारण तेथे ते ‘लाइक’शी जोडलेले आहे.