पितळी पेला, कपबशी, स्टीलचा गिलास आणि जाड मग

विदर्भातल्या खेड्यांत राज्य चहाचंच. चिखलदऱ्याच्या डोंगरात इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, पण खाली वऱ्हाडातल्या घरांत कॉफी व्हायची ती पाहुणा आला तर किंवा थंडी पडली तर. दूध-साखरेत उकळायची आणि वरून जायफळ किसायचं. ती ज्या भांड्यांतून प्यायली गेली, ती दोन-तीन पिढ्यांत पुरती बदलली आणि कॉफीची चवही त्यांच्याबरोबर बदलत गेली.

आधी पितळ होतं. भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध. कॉफी थोडी आंबट असते, त्यामुळे उघड्या पितळेत ती कसरते आणि तोंडाला धातूची चव येते. म्हणून आतून कल्हई लागायची: भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील कापसाने फिरवायचं. कल्हई उडाल्याचं डोळ्यांआधी जिभेला कळायचं. पितळेची दुसरी अडचण उष्णतेची. चिनी मातीच्या मानाने पितळेतून उष्णता शंभरेक पट सहज वाहते. कॉफी ओतताच पेल्याचा काठही तापतो आणि ओठ भाजतो. दक्षिणेत या पेल्याचा काठ बाहेर वळवला आणि खाली वाटी दिली. आपल्याकडे पदराने धरणं किंवा वरून प्यायचं, एवढंच.

मग कपबशी आली. चीनमधल्या जुन्या चहाच्या वाट्यांना कान नव्हता. युरोपात मायसन इथे 1710 साली खऱ्या चिनी मातीचा कारखाना निघाला आणि पुढे त्या शतकात कपाला कान लागला. बशीत ओतून पिणं तिकडेही चालायचं. आपल्याकडे ते टिकलं. याचं कारण सरळ आहे. उघड्या भांड्यातून उष्णता सगळ्यात जास्त जाते ती वाफेवाटे, पृष्ठभागावरून. बशीत थर पातळ आणि तोंड रुंद, त्यामुळे उकळती कॉफी लगेच पिण्याजोगी होते. पण त्याच वाफेबरोबर जायफळाचा आणि कॉफीचा वासही उडून जातो. बशीतली कॉफी गोड आणि दुधाळ लागते, सुगंधी कमी, ती यामुळेच.

स्टीलने हा सगळा हिशोब मोडला. कल्हई नको, फुटत नाही, चव धरत नाही. गिलास पातळ असल्यामुळे तो कॉफीतली उष्णता फारशी स्वतःत घेत नाही. हाताला मात्र चटका देतो.

आता घरोघरी आहे तो जाड मग, बहुतेक वेळा भेट म्हणून आलेला, फोटो छापलेला. जाड म्हणजे कॉफी गरम राहणार, असा सगळ्यांचा समज. जरा आकडे मांडून पाहू. दीडशे मिलीलिटर कॉफी 85 अंशांवर आहे आणि मग साडेतीनशे ग्रॅमचा. जानेवारीच्या सकाळी मांडणीवरचा मग 15 अंशांवर असतो. कॉफीने पूर्ण मग तापवला, तर दोघं मिळून साधारण 62 अंशांवर येतात. म्हणजे वाऱ्याने निवायच्या आधीच वीस-बावीस अंश मगाने खाल्ले. ऐंशी ग्रॅमच्या स्टीलच्या गिलासात हीच घट चारेक अंशांची. मे महिन्यात मांडणीवरचं भांडंच 42 अंशांवर असतं, तेव्हा तोच मग कॉफीला सत्तरच्या आसपास ठेवतो. जाड मगाचा फायदा हवा असेल तर आधी त्यात उकळतं पाणी ओतून मिनिटभर ठेवावं. मग ती जाडी राखणीचं काम करते, नाहीतर चोरीचं.

आकाराचं गणित वासावर चालतं. तोंड आत वळलेलं असलं की वाफ वर कोंडते आणि घोट घेताना नाकाशी येते; पसरट तोंडाच्या मगात ती विखुरते. 2018 साली फाबियाना कार्व्हालो आणि चार्ल्स स्पेन्स यांनी ब्राझीलमध्ये एकच कॉफी वेगवेगळ्या आकाराच्या कपांतून दिली, तेव्हा ट्यूलिपच्या आकाराच्या कपात लोकांना वास जास्त जाणवला. रंगही फसवतो. 2014 च्या एका अभ्यासात स्पेन्स आणि सहकाऱ्यांना दिसलं, की दुधाची कॉफी पांढऱ्या मगात जास्त कडक वाटते आणि पारदर्शक काचेपेक्षा कमी गोड. आपल्याकडे साखर अशी सढळ पडते, की हा फरक कुणाला जाणवेल याची मला शंकाच आहे.

रात्रीच्या लाइनवर ओलीत करायला जाणाऱ्यांनी मात्र वेगळंच भांडं निवडलं आहे: दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली. मधली हवा काढून टाकलेली असते, ही युक्ती 1892 सालच्या ड्यूअरच्या फ्लास्कची. त्यातली कॉफी पहाटेपर्यंत गरम राहते, पण बंद झाकणाखाली तासन्‌तास तापत राहिल्याने जायफळाचा वास बिघडतो. म्हणून काहीजण जायफळाची पूड पुडीत वेगळी नेतात आणि झाकणात ओतल्यावरच टाकतात.