घसाऱ्याची पद्धत बदलली, मग मागचे आकडे तसेच कसे?

इचलकरंजीकडचे एक यंत्रमागवाले फोनवर वैतागले होते. “साहेब, घसाऱ्याची पद्धतच बदललीत तुम्ही. मग मागच्या वर्षाच्या रकान्यात जुनाच आकडा कसा? आणि आमच्या मेव्हण्यांच्या लिस्टेड कंपनीत स्टॉकची पद्धत बदलली, तर त्यांनी मागचा ताळेबंद नव्यानं छापला!” प्रश्न रास्त होता. दोन्हीकडे ‘पद्धत’च बदलली होती. पण त्यांच्याकडे बदलला तो लेखा अंदाज, मेव्हण्यांकडे बदललं ते लेखा धोरण.

आधी मागाचं बघू. १ एप्रिल २०१९ ला ६० लाखांचे रेपियर माग बसवले. आयुष्य १५ वर्षं धरलं, शेवटी भंगारात ५ टक्के म्हणजे ३ लाख येतील असं धरलं. घसारा डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे उरलेल्या किमतीवर दरवर्षी १८.१ टक्के. पाच वर्षांनी, ३१ मार्च २०२४ ला, वहीत उरले २२.१० लाख. दरम्यान लक्षात आलं की माग सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी असे झिजत नाहीत, वर्षाला साधारण सारखंच काम देतात. म्हणून २०२४-२५ पासून एसएलएम, म्हणजे दरवर्षी सारखा घसारा.

आता हिशोब असा. मागच्या पाच वर्षांना हात लावायचा नाही. २२.१० मधून ३ लाख वजा करायचे आणि उरलेले १९.१० लाख पुढच्या १० वर्षांवर सारखे वाटायचे. वर्षाला १.९१ लाख. जुन्या पद्धतीने त्या वर्षी ४ लाख लागले असते. म्हणजे त्या वर्षी नफा २.०९ लाखांनी जास्त दिसला, आणि मागच्या वर्षांचे आकडे तसेच राहिले.

गंमत अशी की हाच बदल पूर्वी ‘धोरण’ मानला जायचा. एएस म्हणजे आपली लेखा मानकं. त्यातल्या जुन्या एएस ६ प्रमाणे, माग पहिल्या दिवसापासून एसएलएमवर असते तर काय झालं असतं ते काढायचं. पाच वर्षांचा घसारा १९ लाख, म्हणजे वहीत ४१ लाख उरायला हवे होते. ४१ आणि २२.१० मधला फरक १८.९० लाख, आणि तो सगळा बदलाच्या वर्षीच नफ्यात जमा! एखाद्या मंदीच्या वर्षी घसाऱ्याची पद्धत बदलून नफा वर काढायला ही वाट सोयीची होती, आणि ती वापरली जात नव्हती असं मी तरी म्हणणार नाही. सुधारित एएस १० ने २०१६ पासून ती बंद केली. लिस्टेड आणि मोठ्या कंपन्यांसाठीची वेगळी मानकं म्हणजे इंड एएस, त्यातल्या इंड एएस १६ मध्येही तेच आहे. घसाऱ्याची पद्धत बदलणं म्हणजे यंत्र कसं झिजतं याबद्दलचा अंदाज बदलणं.

कारण साधं आहे. धोरण एवढंच सांगतं की माग खरेदी किमतीतून घसारा वजा करून दाखवायचे. ते बदललेलं नाही. एसएलएम की डब्ल्यूडीव्ही हे झीज रुपयांत उतरवायचं तंत्र आहे. झीज कोणाला नेमकी मोजता येत नाही, म्हणून अंदाज. बुडीत उधारीची तरतूद, वॉरंटीची तरतूद, मालमत्तेचं आयुष्य हे सगळे त्याच कुळातले. इंड एएस ८ मध्ये १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली व्याख्याही हेच सांगते: मोजमापात अनिश्चितता असलेली रक्कम म्हणजे लेखा अंदाज.

स्टॉकचं तसं नाही. सुताचे बाचके एकात एक मिसळलेले आहेत आणि ते वेगवेगळ्या भावांनी घेतलेत. त्यांची किंमत फिफोने धरायची, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं मानायचं, की सगळ्यांची भारित सरासरी काढायची? इथे अनिश्चित काहीच नाही, सगळी बिलं फाइलमध्ये आहेत. दोन मान्य नियमांपैकी एक निवडायचा आहे. ती निवड म्हणजे धोरण.

समजा मेव्हण्यांच्या गिरणीने २०२४-२५ मध्ये फिफो सोडून भारित सरासरी धरली. सरासरीने स्टॉक ३१ मार्च २०२३ ला ४ लाखांनी, २०२४ ला ७ लाखांनी आणि २०२५ ला ६ लाखांनी कमी येतो. इंड एएस ८ म्हणतं, नवा नियम पहिल्यापासूनच होता असं समजून आकडे मांडा. मग १ एप्रिल २०२३ च्या साठलेल्या नफ्यातून ४ लाख कमी. २०२३-२४ चा नफा ३ लाखांनी कमी, कारण सुरुवातीचा स्टॉक ४ ने घटला तरी शेवटचा ७ ने घटला. आणि २०२४-२५ चा नफा उलट १ लाखाने जास्त. (कराचा परिणाम मी बाजूला ठेवलाय, तो प्रत्यक्षात धरावाच लागतो.) म्हणून मागच्या वर्षाचा रकाना बदलतो. परिणाम मोठा असेल तर १ एप्रिल २०२३ चा तिसरा ताळेबंदही छापावा लागतो. मेव्हण्यांच्या अहवालात दोनऐवजी तीन रकाने होते, ते त्यामुळे.

छोट्या खासगी कंपन्यांना इंड एएस लागू नसतं, त्या एएस ५ वर चालतात. त्यात मागचे रकाने बदलायची सक्ती नाही. सुरुवातीचा स्टॉक फिफोने, शेवटचा सरासरीने, आणि सगळे ६ लाख याच वर्षाच्या नफ्यातून जातात. म्हणजे एकच बदल एका कंपनीत या वर्षी १ लाख नफा वाढवतो आणि दुसऱ्या कंपनीत ६ लाख घटवतो. दोन कंपन्यांची तुलना करणाऱ्याने आधी ताळेबंदामागे जोडलेली टीप उघडावी, ती याचसाठी.

धोरणाच्या टिपेत बदल काय आणि त्याने माहिती जास्त उपयोगी का झाली ते असावं लागतं. नवीन मानकाने तो लादला नसेल तर हे कारण पटण्याजोगं हवं. शिवाय इंड एएसमध्ये कोणती ओळ किती रुपयांनी बदलली आणि प्रति शेअर कमाईवर काय फरक पडला, हेही. अंदाजाची टीप बरीच छोटी असते, बहुधा स्थिर मालमत्तेच्या तपशिलाखाली दडलेली. धोरण की अंदाज हे खरंच ठरवता येत नसेल, तर मानक अंदाज धरायला सांगतं. ही सवलत नेमकी कुठे वापरली आहे ते मी तरी बारकाईने बघतो. आणि जुना आकडा हाती असलेल्या माहितीकडे दुर्लक्ष करून काढला होता असं निघालं, तर त्याला अंदाजबदल म्हणताच येत नाही. ती चूक, आणि चुकांसाठीचा नियम वेगळा.

यंत्रमागवाल्यांना मी आमची टीपच वाचून दाखवली: “१ एप्रिल २०२४ पासून मागांचा घसारा डब्ल्यूडीव्हीऐवजी एसएलएम पद्धतीने आकारला आहे. त्यामुळे या वर्षाचा घसारा २.०९ लाख रुपयांनी कमी आहे.” ते खूश झाले. “म्हणजे दरवर्षी दोन लाख वाचणार!”

नाही, वाचणार काहीच नाही. आयकराचा घसारा त्यांच्या स्वतंत्र दराने चालतो, त्यामुळे कर तेवढाच. आणि जुन्या पद्धतीचा घसारा दरवर्षी उतरत जाणार होता: ४, मग ३.२८, २.६८, २.२०. दहाव्या वर्षी, २०२८-२९ मध्ये, तो १.८० वर येतो आणि आपला मात्र १.९१ वरच राहतो. तिथून पुढे नफा जुन्या हिशोबापेक्षा कमीच दिसणार, आणि दहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे १९.१० लाखच. पुढच्या वर्षांवरचा हा परिणाम टीपेत लिहायचा असतो. आमच्या मसुद्यात ती ओळ राहिली होती, ती त्याच संध्याकाळी घातली.