जिनिंग कंपनी बुडते तेव्हा कापसाचा चुकारा रांगेत कुठे उभा राहतो

यवतमाळ, वर्धा किंवा अकोला जिल्ह्यातील एखादी खासगी जिनिंग-प्रेसिंग कंपनी हंगामाच्या मध्यावर बंद पडते, तेव्हा तालुक्यात पहिला प्रश्न चुकाऱ्याचा निघतो. कापूस गेला, काटापट्टी हातात आहे, पण पैसे आलेले नाहीत. अशा वेळी बँक, मजूर, सरकार, शेतकरी आणि कंपनीचे भागधारक यांपैकी कोणाला आधी व कोणाला नंतर पैसे मिळायचे, हा क्रम 2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 ने ठरवून दिला आहे. वाचताना तो हिशेबाच्या तक्त्याइतका कोरडा वाटतो, परंतु त्यातील प्रत्येक पायरीमागे कोणाला तरी वर घेतल्याचा किंवा खाली उतरवल्याचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कापूस विकणाऱ्याचा स्वतंत्र विचार कधी झालेला नाही, हे माझ्या मते विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

सुरुवात तारणापासून करावी लागते. तारण घेऊन कर्ज देणारा धनको हा मुळात रांगेत उभा राहणारा माणूसच नव्हता. 1956 च्या कंपनी कायद्याखाली कंपनी समापनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली, तरी बँक आपले तारण घेऊन बाजूला होऊ शके, ते विकून आपली वसुली करू शके, आणि उरलेल्या मोकळ्या मालमत्तेतून बाकीच्यांचे वाटप होई. या मोकळ्या मालमत्तेसाठी कलम 530 मध्ये अग्रक्रमाची एक यादी होती. समापनापूर्वीच्या बारा महिन्यांत देय झालेले सरकारी कर आणि कामगारांची चार महिन्यांपर्यंतची, तीही ठरावीक मर्यादेतील, थकीत मजुरी या गोष्टी तिच्यात एकाच पातळीवर ठेवलेल्या होत्या. तारण नसलेले इतर सर्व धनको त्यांच्याही मागे असत. सरकारचे देणे साध्या धनकोच्या आधी फेडले जावे हा दंडक ब्रिटिश राजसत्तेच्या विशेषाधिकारातून आलेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली बिल्डर्स सप्लाय कॉर्पोरेशनच्या खटल्यात तो स्वातंत्र्यानंतरही लागू असल्याचे मान्य केले होते.

या रचनेला पहिला मोठा धक्का कामगारांकडून बसला. ऐंशीच्या दशकात कापडगिरण्या एकामागून एक आजारी पडत होत्या. गिरणी विकली जाई, तारणाचे पैसे बँक नेई आणि आयुष्यभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला उपदान व भरपाईपैकी काहीच मिळत नसे. त्याच दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांनाही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्यापाठोपाठ 1985 साली संसदेने कंपनी कायद्यात कलम 529अ घातले आणि कामगारांची देणी तारणधारक बँकेच्या बरोबरीने आणून ठेवली. ही बरोबरी शब्दशः होती, कारण दोघांचे दावे एकत्र धरायचे, आणि पैसे कमी पडले तर दोघांनीही त्याच प्रमाणात तूट सोसायची, असा तिचा अर्थ होता.

दुसरा बदल 2016 चा. टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखालील दिवाळखोरी कायदा सुधारणा समितीने नोव्हेंबर 2015 मध्ये दिलेल्या अहवालात सरकारी देण्यांना खाली उतरवावे अशी शिफारस केली, म्हणजे तारणाशिवाय कर्ज देणाऱ्यांनाही पैसे परत मिळण्याची आशा राहील आणि कर्जाचा बाजार वाढेल, असा तिचा तर्क होता. त्यानुसार कलम 53 मध्ये सर्वांत आधी प्रक्रियेचा व समापनाचा खर्च येतो. त्यानंतर कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी आणि आपले तारण सामायिक निधीत सोडून देणारा धनको हे एका पायरीवर येतात. मग कामगार या व्याख्येत न बसणारे, म्हणजे व्यवस्थापक व पर्यवेक्षक यांसारखे कर्मचारी, बारा महिन्यांच्या देण्यापुरते येतात, आणि त्यांच्यामागे तारण नसलेले वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला पैसे कर्जाऊ देणारे. त्याखाली सरकारची दोन वर्षांची देणी, आणि तारण स्वतः विकूनही ज्याची रक्कम पूर्ण वसूल झाली नाही अशा धनकोची उरलेली बाकी. त्यानंतर इतर सर्व देणी, मग अग्रहक्क भागधारक आणि अगदी शेवटी साधे भागधारक. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी मात्र कंपनीची मालमत्ताच मानले जात नाहीत, म्हणून ते या रांगेच्या बाहेर राहतात. इथे कामगारांचे थोडे नुकसानही झाले, कारण 1985 च्या तरतुदीत चोवीस महिन्यांची मर्यादा नव्हती. आता त्याहून जुनी बाकी थेट ‘इतर सर्व देणी’ या पायरीवर घसरते.

कापूस उधारीवर देणारा शेतकरी याच ‘इतर सर्व देणी’ या पायरीवर येतो. तो कंपनीला माल पुरवणारा, म्हणून संहितेच्या भाषेत परिचालन धनको ठरतो, आणि बारदान पुरवणारा व्यापारी, दुरुस्तीची बिले थकलेला मिस्त्री, वीज कंपनी यांच्या शेजारी उभा राहतो.

विदर्भात हा प्रश्न फार उशिरा उभा राहिला याचे कारण वेगळेच आहे. 1971 च्या कायद्यानुसार 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. चुकारे रखडत, हप्त्याने येत, त्यावरून आंदोलने होत, पण खरेदीदार राज्याच्या यंत्रणेचा असे आणि तो दिवाळखोरीत जाण्याचा प्रश्न नव्हता. पुढे एकाधिकार संपून खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि खासगी जिनिंग कंपनीच्या फाटकासमोर बैलगाड्या व मेटाडोर लागू लागले, तेव्हा खरेदीदाराच्या नादारीचा धोका शेतकऱ्याच्या अंगावर आला. सहकारी जिनिंग संस्था या संहितेत येत नाहीत. त्यांचे समापन राज्याच्या सहकारी संस्था कायद्याने होते, म्हणून पुढचे विवेचन फक्त कंपनीपुरते आहे.

धोका नेमका कुठे निर्माण होतो हे पाहण्यासारखे आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यात ज्याचे पैसे मिळालेले नाहीत अशा विक्रेत्याला माल अडवून धरण्याचा हक्क आहे, पण तो माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. काट्यावर वजन झाले, गाडी खाली झाली आणि कापूस गंजीत पडला की तो कंपनीचा झाला. त्या कंपनीने बँकेकडून घेतलेली कॅश क्रेडिट मर्यादा बहुधा साठ्याच्या तारणावर असते. म्हणजे गंजीतला कापूस, त्यातून निघालेली सरकी, दाबलेल्या गाठी, या सर्वांवर बँकेचा बोजा त्याच क्षणी चढतो. ज्या कापसाचे पैसे शेतकऱ्याला मिळालेले नाहीत, तोच कापूस बँकेचे तारण होतो आणि शेतकरी चार पायऱ्या खाली जातो. अमेरिकेत ताजी फळे व भाजीपाला विकणाऱ्यांसाठी 1984 पासून कायद्यानेच न्यास मानला जातो; खरेदीदाराकडचा तो माल व त्याची विक्रीची रक्कम विक्रेत्यांसाठी राखलेली समजली जाते आणि ती इतर धनकोंच्या वाटपात जात नाही. आपल्याकडे कापसाला असे संरक्षण नाही.

आता एक कल्पित कंपनी घेऊ आणि हिशेब शेवटपर्यंत करू. जमीन, जिन, प्रेस व साठा विकून 8 कोटी रुपये आले आणि त्यातील 50 लाख खर्चात गेले. उरलेल्या साडेसात कोटींवर बँकेचा 14 कोटींचा आणि कामगारांचा 1 कोटीचा दावा आहे. दोघांना रुपयाला पन्नास पैसे मिळतात. बँकेला 7 कोटी, कामगारांना 50 लाख. वाटप इथेच संपते. व्यवस्थापक, सरकार, शेतकरी आणि भागधारक यांना काहीच मिळत नाही, आणि जिनिंगच्या बहुतेक प्रकरणांत चित्र याच जातीचे असण्याची भीती असते, कारण बंद पडलेल्या हंगामी कारखान्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड असते. कामगारांच्या त्या 50 लाखांतही एक मेख आहे. मुकादमामार्फत आणलेल्या रेजा-हमालांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतील, तर त्यांचा दावा सिद्ध होणे कठीण जाते.

समजा याच कंपनीला शहराला लागून मोक्याची जमीन होती आणि विक्रीतून 17 कोटी आले. खर्च वजा जाता साडेसोळा, बँक व कामगार पूर्ण फिटल्यावर दीड कोटी उरले. व्यवस्थापक-पर्यवेक्षकांचे 20 लाख दिले. त्यानंतर संचालकाच्या नातेवाइकांनी कंपनीला तारणाशिवाय दिलेले 80 लाखांचे कर्ज येते आणि ते पूर्ण फिटते. ही गोष्ट ऐकणाऱ्याला खटकते व ती खटकायलाच हवी, पण कर्ज खरे असेल तर कलम 53 मध्ये ते शेतकऱ्याच्या दोन पायऱ्या वर आहे. मग सरकारचे दोन वर्षांचे 40 लाख गेले आणि 10 लाख राहिले. शेवटच्या धनकोंच्या पायरीवर शेतकऱ्यांचे अडीच कोटी, वीज व बारदानाचे 20 लाख आणि दोन वर्षांहून जुन्या विक्रीकराचे 30 लाख, असे 3 कोटी उभे आहेत. रुपयाला साडेतीन पैसेसुद्धा येत नाहीत. ज्याचे 90,000 रुपये अडकले त्याच्या हाती 3,000 पडतात, आणि भागधारकांचे खाते शून्यावर बंद होते.

इथे लिक्विडेटरचे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून वाटप करणाऱ्या व्यक्तीचे, एक काम शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. नादारीची प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत कंपनीने संबंधित व्यक्तींना आणि एका वर्षात इतरांना, नेहमीच्या व्यवहाराबाहेर, झुकते माप देऊन रक्कम फेडली असेल, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ती परत आणता येते. चुकारे थांबलेले असताना मेहुण्याचे कर्ज एकरकमी फिटले असल्याचे बँकेच्या खातेउताऱ्यावरून दिसले, तर ते लेखी कळवावे.

सरकारच्या जागेबद्दल मात्र अलीकडे पुन्हा ओढाताण झाली. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेनबो पेपर्सच्या प्रकरणात गुजरातच्या मूल्यवर्धित कर कायद्यातील बोज्याच्या तरतुदीमुळे राज्य सरकार तारणधारक धनको ठरते असे म्हटले. वरच्या दुसऱ्या हिशेबात ते लावून पाहा. विक्रीकराचे जुने-नवे मिळून 70 लाख बँकेच्या पायरीवर चढले, तर तेथे 15 कोटी 70 लाख जातात, कर्मचारी फिटतात, नातेवाइकांच्या कर्जाला 60 लाखच मिळतात आणि शेतकऱ्यांचे ते 10 लाखही नाहीसे होतात. जुलै 2023 मध्ये रमण इस्पातच्या निकालात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने आधीचा निर्णय त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरता मर्यादित असल्याचे सांगितले आणि संहितेत सरकारी देणी जाणीवपूर्वक खाली ठेवली आहेत हे मांडले. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात तर संहितेचा क्रम आधी मानावा असे स्पष्टच लिहिलेले आहे, म्हणून हा वाद आता मुख्यतः जुन्या विक्रीकराच्या थकबाकीपुरता उरतो.

वाटपात नाव यायचे असेल, तर जाहीर सूचनेनंतर दिलेल्या मुदतीत दावा दाखल करावा लागतो. सूचना स्थानिक भाषेच्या वृत्तपत्रातही छापली जाते. दाव्यासोबत काटापट्टी, हिशेबपट्टी, बाजार समितीची पावती आणि बँक पासबुक जोडावे. कापूस अडत्यामार्फत गेला असेल आणि पट्टी त्याच्या नावाची असेल, तर देणेकरी कंपनी आहे की अडत्या हे आधी तपासून घ्यावे, कारण चुकीच्या माणसावर केलेला दावा कोणत्याच पायरीवर धरला जात नाही.