डॉज विरुद्ध फोर्ड, 1919: दोन्ही बाजू वापरतात तो एकच निकाल

कंपनीच्या संचालकांनी निर्णय घेताना फक्त भागधारकांचं हित पाहायचं, की कामगार, ग्राहक, पुरवठादार, आसपासचा समाज या सगळ्या हितसंबंधींचंही? वर्गात हा विषय वादाला ठेवला की पहिल्या पाच मिनिटांत डॉज विरुद्ध फोर्ड हा खटला कोणीतरी काढतंच. भागधारकांची बाजू मांडणारा एक वाक्य म्हणून दाखवतो: व्यापारी कंपनी प्रामुख्याने भागधारकांच्या नफ्यासाठी असते. मग समोरचा गट गप्प बसतो. खरं तर गप्प बसायचं कारण नाही, पण त्यासाठी निकालातलं ते एक वाक्य सोडून बाकीचा खटला वाचावा लागतो.

1916 साली फोर्ड मोटर कंपनीत हेन्री फोर्ड यांचे 58 टक्के शेअर होते. जॉन आणि होरेस या डॉज बंधूंचे मिळून 10 टक्के. कंपनी सुरू झाली तेव्हा फोर्डच्या गाड्यांचे बरेचसे यांत्रिक भाग डॉज यांच्या कारखान्यातूनच यायचे. कंपनीचं भागभांडवल फक्त 20 लाख डॉलर होतं आणि त्यावर दरमहा 5 टक्के, म्हणजे वर्षाला 12 लाख डॉलर नियमित लाभांश मिळे. ऐकायला 60 टक्के खूप वाटतात. पण जुलै 1916 ला संपलेल्या वर्षाचा नफा सुमारे 6 कोटी डॉलर होता, त्यामुळे नियमित लाभांश म्हणून वाटली जाणारी रक्कम नफ्याच्या जेमतेम 2 टक्के. खरी कमाई होती विशेष लाभांशात. 1911 च्या अखेरीपासून ऑक्टोबर 1915 पर्यंत असे 4 कोटी 10 लाख डॉलर वाटले गेले होते.

मग फोर्ड यांनी सांगितलं की विशेष लाभांश यापुढे बंद. तिजोरीत रोख आणि रोखे मिळून जवळपास 5 कोटी 40 लाख डॉलर पडून होते. ते पैसे नव्या कारखान्यात आणि रूज नदीकाठी उभारायच्या लोखंडाच्या भट्ट्यांत घालायचे होते. शिवाय गाडीची किंमत 440 वरून 360 डॉलरवर आणली. वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या खपत होत्या, म्हणजे तेवढ्याच विक्रीवर हिशोब केला तर 80 डॉलरची ही सूट पावणेचार कोटींच्या घरात जाते. डॉज बंधूंनी नोव्हेंबर 1916 मध्ये दावा लावला.

फोर्ड यांची साक्ष म्हणजे वादींच्या वकिलांसाठी पर्वणी ठरली. कंपनीने आजवर गरजेपेक्षा जास्त नफा कमावला, आता जास्तीत जास्त लोकांना काम द्यायचं, स्वस्त गाडी द्यायची, पैसा त्या ओघात येईलच, असा त्यांचा सूर होता. एवढं बोलायची गरजच नव्हती. किंमत उतरवली की खप वाढेल, खप वाढला की पुढे नफा वाढेल, असं म्हणाले असते तर न्यायालयाला हात घालायला जागाच राहिली नसती. त्यांनी स्वतःला दाता म्हणून उभं केलं आणि तिथेच सापडले.

या परोपकाराखाली आणखी एक पदर होता. डॉज बंधूंनी 1914 पासून स्वतःच्या नावाची मोटार बाजारात आणली होती आणि त्या धंद्याला फोर्डच्या लाभांशाचा मोठा आधार होता. लाभांश रोखला की प्रतिस्पर्ध्याचं खतपाणी तुटतं. म्हणूनच अनेक अभ्यासक या खटल्याकडे समाजहित विरुद्ध नफा म्हणून पाहत नाहीत. मोठा भागधारक छोट्या भागधारकाला दाबतोय, असं ते त्याचं वर्णन करतात. हितसंबंधींच्या बाजूने बोलणाऱ्याने हा मुद्दा हातचा ठेवावा.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1919 मध्ये निकाल दिला तो दोन भागांत. पहिला भाग लाभांशाचा. खालच्या न्यायालयाने ठरवलेले 1 कोटी 92 लाख 75 हजार डॉलर वाटावेत, हा आदेश कायम झाला. ‘भागधारकांच्या नफ्यासाठी’ हे वाक्य इथलंच. गंमत अशी की यातला सगळ्यात मोठा वाटा, 58 टक्क्यांच्या हिशोबाने 1 कोटी 11 लाखांहून जास्त, खुद्द फोर्ड यांच्याकडे गेला. डॉज बंधूंना मिळाले सुमारे 19 लाख.

दुसऱ्या भागाची वर्गात क्वचितच आठवण निघते. खालच्या न्यायालयाने विस्तारालाही मनाई केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली. न्यायाधीश काही धंद्यातले तज्ज्ञ नाहीत, असं सांगून कारखाना, भट्ट्या, किंमत यांचा निर्णय त्यांनी संचालकांवर सोडला. तेव्हा याच निकालात भागधारक श्रेष्ठ असल्याचं वाक्यही आहे आणि संचालकांना जवळपास मोकळं रान देणारा आदेशही आहे. हेतू उघड बोलून दाखवला नाही, तर पहिलं वाक्य फारसं चावत नाही.

या ढिलाईवरच पुढचा वाद रंगला. 1931-32 मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या पानांवर अॅडॉल्फ बर्ली आणि मेरिक डॉड हे कायद्याचे दोन प्राध्यापक समोरासमोर आले. डॉड यांचं म्हणणं, कंपनीवर नफ्याबरोबरच समाजसेवेचीही जबाबदारी आहे. बर्ली यांना कामगारांचं वावडं होतं म्हणून त्यांनी विरोध केला, असं समजणं चूक. त्यांची भीती वेगळी होती: दुसऱ्या कुणापुढे जबाबदार धरण्याची पक्की आणि राबवता येईल अशी व्यवस्था हाती नसताना भागधारकांचा लगाम सोडला, तर संचालक कुणालाच जबाबदार राहणार नाहीत. 1954 मध्ये मात्र बर्ली यांनीच वाद डॉड यांच्या बाजूने सुटल्याचं मान्य केलं. नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असं सांगणारा अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमन यांचा 1970 चा प्रसिद्ध लेख त्यानंतरचा. वादात बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि बर्ली यांचा जास्त टोकदार मुद्दा हातातून निसटतो.

कायद्याची आजची कलमं त्या मुद्द्यावर घासून पाहावीत. ब्रिटनच्या 2006 च्या कंपनी कायद्याचं कलम 172 सांगतं की संचालकाने कंपनीचं यश साधायचं ते सभासदांच्या फायद्यासाठी; कामगार, पुरवठादार, पर्यावरण यांचा विचार ते करताना ध्यानात घ्यायचा. म्हणजे पंगतीत जागा आहे, पण मुख्य पाहुणा एकच. भारताच्या 2013 च्या कायद्याचं कलम 166(2) पुढे जातं. त्यात कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण अशी नावं एकापाठोपाठ येतात आणि कुणाला आधी मोजायचं याचा उल्लेख नाही. नुसता मजकूर वाचला तर हितसंबंधींनी वाद जिंकला असं वाटेल.

आता एक कामगार घ्या. संचालकांनी कारखाना बंद करताना आपल्या हिताचा विचारच केला नाही, अशी त्याची तक्रार आहे. 166(2) मध्ये ‘कर्मचारी’ हा शब्द त्याला सापडतो. कलम मोडल्यास 1 लाख ते 5 लाख रुपये दंड आहे, हेही सापडतं. पण सामूहिक दाव्याचं कलम 245 उघडलं तर ते सभासद आणि ठेवीदारांसाठी आहे. दंडाच्या तक्रारीसाठी कलम 439 पाहिलं तर तिथे न्यायालय लेखी तक्रार घेतं ती कंपनी निबंधकाची, भागधारकाची किंवा केंद्र सरकारने नेमलेल्या व्यक्तीची. कामगार कायद्यांखाली त्याला दाद मागता येते, ती वाट वेगळी. संचालकाच्या या कर्तव्यासाठी मात्र त्याला आधी एखादा शेअर विकत घ्यावा लागेल.