नव्या कॉम्प्युटरवर टॅलीमध्ये कंपनी दिसत नाही? आधी डेटा फोल्डर शोधा

नवा कॉम्प्युटर आला, टॅलीप्राइम टाकलं, लायसन्स चालू झालं, आणि समोर नवी कंपनी तयार करण्याचा फॉर्म उघडला. इतक्या वर्षांचा हिशोब कुठे गेला? आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक फोनमध्ये डेटा गेलेला नसतो. तो जुन्या मशीनवर जागच्या जागी असतो, नाहीतर नव्या मशीनवर येऊन भलत्याच फोल्डरमध्ये पडलेला असतो. टॅली फक्त तिला सांगितलेल्या एकाच फोल्डरमध्ये बघते. तिथे काही नसेल तर ती कंपनी नाही असंच समजते.

म्हणून पहिली विनंती: तो फॉर्म भरू नका. घाईत त्याच नावाची रिकामी कंपनी तयार केली की पुढचा गोंधळ वाढतो. का, ते पुढे येईलच.

टॅलीमधली प्रत्येक कंपनी म्हणजे डिस्कवरचं एक फोल्डर. त्या फोल्डरला कंपनीचं नाव नसतं, आकडा असतो: 10000, 10001 असा, काही ठिकाणी सहा आकडी. आत `Company.1800` किंवा जुन्या आवृत्तीत `Company.900` अशी फाइल आणि तिच्यासारख्या बऱ्याच फाइली दिसतात. ही आकड्यांची फोल्डरं ज्या फोल्डरमध्ये असतात ते तुमचं डेटा फोल्डर. टॅलीप्राइममध्ये ते सहसा इथे असतं:

```
C:\Users\Public\TallyPrime\data
```

जागा नीट पाहा. हे डेस्कटॉपवर नाही आणि डॉक्युमेंट्समध्येही नाही. कॉम्प्युटर बदलताना बहुतेक जण हीच दोन ठिकाणं कॉपी करतात, त्यामुळे फोटो, पत्रं, एक्सेलच्या फाइली सगळं येतं आणि हिशोब तेवढा मागे राहतो. डेस्कटॉपवरचा टॅलीचा आयकॉन कॉपी केल्यानेही काही येत नाही. तो फक्त दाराकडे बोट दाखवणारी पाटी आहे.

वर दिलेली जागा नेहमीची असली तरी तुमची तीच असेल असं नाही. अनेकांनी फार पूर्वी कोणाकडून तरी डेटा डी ड्राइव्हवर हलवून घेतलेला असतो आणि पुढे ते विसरून जातात. त्यामुळे अंदाज करत बसू नका, जुन्या मशीनलाच विचारा. टॅली जिथे टाकली आहे त्या फोल्डरमध्ये `tally.ini` नावाची साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि `Data=` ने सुरू होणारी ओळ शोधा. जुनी टॅली ज्या फोल्डरमधून डेटा उचलत होती त्याचा पत्ता त्या ओळीत असतो. पत्त्याची सुरुवात दोन उलट्या तिरक्या रेघांनी होत असेल, म्हणजे `\\` अशी, तर डेटा या मशीनवर कधी नव्हताच. तो नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे, आणि नव्या मशीनला तिथपर्यंत पोहोचण्याची परवानगी मिळाली की काम झालं.

मागे एका ग्राहकाचं नेमकं इथेच अडलं होतं. त्यांनी पब्लिकमधलं टॅलीप्राइमचं पूर्ण फोल्डर शिस्तीत कॉपी करून आणलं. कंपनी यादीत दिसली, उघडलीही. पण आतला हिशोब 14 जून 2022 ला थांबलेला, आणि ते मात्र गेल्या आठवड्यापर्यंत व्हाउचर टाकत होते. पुढच्या नोंदी पुसल्या गेल्या असं त्यांना वाटलं. जुन्या मशीनवरच्या `tally.ini` मध्ये ही ओळ होती:

```
Data=D:\Hishob\Data
```

2022 मध्ये डेटा डी ड्राइव्हवर नेला होता, पण पब्लिकमधली जुनी प्रत कोणी काढली नव्हती. दोन्ही फोल्डरांना आकडा 10000, दोन्हीत कंपनीचं नाव तेच. त्यांनी मेलेली प्रत आणली होती आणि चालू प्रत अजून जुन्या मशीनवर होती. अशा वेळी ओळख पटवायला सोपी खूण म्हणजे Gateway of Tally च्या पडद्यावर कंपनीच्या नावाशेजारी दिसणारी Date of Last Entry. ती तारीख तुम्ही शेवटची नोंद केली त्या दिवसाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय नव्या मशीनवर एकही व्हाउचर टाकू नका. चुकीच्या प्रतीत आठवडाभर काम झालं की दोन अर्धवट हिशोब हातात येतात आणि ते जुळवणं हे खरंच कंटाळवाणं काम आहे.

आता कॉपी करायची पद्धत. दोन्ही मशीनवर टॅली पूर्ण बंद करा. उघडी असताना केलेली कॉपी अपुरी राहू शकते. मग आकड्यांची सगळी फोल्डरं जशीच्या तशी उचला, आतल्या फाइली निवडत बसू नका. नव्या मशीनवर त्यांच्यासाठी वेगळं, रिकामं फोल्डर करा, उदाहरणार्थ `D:\TallyData`, आणि त्यात ठेवा. तिथल्या आधीच्या डेटा फोल्डरमध्ये टाकू नका असं आम्ही मुद्दाम सांगतो. सुरुवातीला घाईत रिकामी कंपनी केली असेल तर तिथेही 10000 असू शकतं. विंडोज विचारेल, फाइली बदलायच्या का? हो म्हटलं तर दोन कंपन्यांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये मिसळतात, आणि तो डेटा मग उघडेलच याची खात्री नाही.

त्यानंतर टॅलीमध्ये Select Company चा पडदा उघडा. तिथल्या यादीत Specify Path आहे. तो निवडून नवा पत्ता द्या. इथे एक छोटी चूक फार वेळा होते: पत्ता 10000 च्या आतला दिला जातो. टॅलीला आकड्यांच्या फोल्डरांचं वरचं फोल्डर हवं असतं, म्हणून `D:\TallyData` बरोबर, `D:\TallyData\10000` चूक. उलट कॉपी करताना `D:\TallyData\data\10000` अशी एक पायरी वाढली असेल तरी यादी रिकामीच दिसते. मग पत्त्यात `data` पर्यंत जा.

पत्ता बरोबर आहे, फोल्डरही आहे, तरी कंपनी उघडत नाही? मग टॅलीची आवृत्ती पाहा. नव्या आवृत्तीने एकदा बदलून घेतलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. नव्या मशीनवर चुकून जुनी आवृत्ती टाकली गेली असेल तर डेटाला हात न लावता आधी आवृत्ती बदला. आवृत्ती जुन्याहून नवी असेल तर टॅली डेटा बदलून घ्यायला विचारेल. त्याआधी एक प्रत बाजूला काढून ठेवा.

तुमच्याकडे फोल्डर नसून बॅकअपची फाइल असेल तर ती वरच्या पद्धतीने उघडणार नाही. ती Alt+Y ने उघडणाऱ्या मेनूतल्या Restore मधून आणावी लागते, आणि तीही रिकाम्या फोल्डरमध्येच. बॅकअप घेतल्यानंतरच्या नोंदी त्यात नसतात, हे लक्षात असू द्या.

जुनं मशीन चालूच होत नसेल तर त्यातली हार्ड डिस्क बाहेर काढून नव्या मशीनला जोडता येते. मग त्या डिस्कवर `Company.1800` आणि `Company.900` शोधा. जितक्या ठिकाणी सापडतील तितक्या प्रती समजा आणि प्रत्येकीची शेवटच्या नोंदीची तारीख पाहा. त्याच मशीनवर फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा टाकलं असेल तर `C:\Windows.old\Users\Public` मध्येही बघा, पण लगेच. विंडोज ते फोल्डर काही दिवसांनी स्वतःहून काढून टाकतं.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला फोन करा. त्याआधी `Data=` च्या ओळीचा फोटो काढून ठेवा, शेवटचं व्हाउचर कधी टाकलं ते आठवून ठेवा आणि जुनं मशीन विकू किंवा फॉरमॅट करू नका.