मेट्रो मार्ग आणि घरांचे भाव (मुंबई)

नवा मेट्रो मार्ग जाहीर झाल्यापासून तो सुरळीत चालू लागेपर्यंतच्या काळात मार्गालगतच्या घरांच्या किमती आणि भाडी बदलत जातात. दोन्हींचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. किंमत पुढे काय होईल या अपेक्षेवर ठरते, म्हणून ती गाडीच्या आधी धावते. भाडे आज मिळणाऱ्या सोयीचे असते. त्यामुळे गाडी सुरू झाल्याशिवाय भाडेकरू तिच्यासाठी सहसा जादा पैसे मोजत नाही. मेट्रोने एखाद्या भागाला खरोखर किती दिले हे पाहायचे असेल तर किमतीपेक्षा भाडे अधिक खरे बोलते.

मुंबईत हा परिणाम इतर शहरांसारखा सरळ दिसत नाही, कारण इथे लोकल आधीपासून आहे. स्टेशनपासून किती मिनिटे, हा भाव इथल्या घरांत कित्येक पिढ्या मुरलेला आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या मार्गावरची अंधेरी आणि घाटकोपर ही आधीच लोकलची मोठी स्थानके होती. तिथल्या घरांना नवे मिळाले ते थोडेच, आणि गर्दी मात्र वाढली. खरा फरक पडण्याजोगी जागा मधली होती: मरोळ नाका, साकी नाका, असल्फा. लोकल गाठायला अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या कोंडीत बस किंवा रिक्षात तासभर अडकणारी ही वस्ती पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना एकदम जोडली गेली. मेट्रोचा फायदा स्थानकाच्या नावावर नाही, आधीच्या अडचणीवर ठरतो.

दहिसर ते अंधेरी पश्चिम हा लिंक रोडवरचा मार्ग २अ आणि दहिसर ते गुंदवली हा पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा मार्ग ७ या जोडीत काळाचा हिशेब जास्त स्पष्ट दिसतो. कामे २०१६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरची काही वर्षे हायवेवर आणि लिंक रोडवर पत्रे उभे होते, रस्ता अरुंद झाला, धूळ आणि हॉर्न खिडकीतून आत येत होते. या काळात बिल्डरच्या जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ छापून येत होते, तर पत्र्यांसमोरच्या घरात राहणारा भाडेकरू भाडे कमी करून मागत होता. एकाच इमारतीत किंमत वर आणि भाडे खाली, असे चित्र बांधकामाच्या काळात असंभव नसते. पत्र्यांमागे गेलेल्या दुकानांचे तर पार्किंग गेले आणि गिऱ्हाईकही गेले.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, पहिला टप्पा उघडला. तो डहाणूकरवाडी ते आरे एवढाच होता. अंधेरीत उतरणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग अर्धवट, कारण पहिल्या मेट्रोशी सांधा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये उरलेला भाग सुरू झाला, तेव्हा गुंदवलीहून आणि अंधेरी पश्चिमेहून पादचारी पुलाने पहिल्या मेट्रोत जाता येऊ लागले आणि प्रवासी खऱ्या अर्थाने वाढले. पोयसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी हा हायवेलगतचा पट्टा लोकलपासून लांब. तिथे शेअर रिक्षाच्या रांगेशिवाय पर्याय तोकडाच होता.

तरीही मेट्रो सुरू झाली त्याच महिन्यात भाडे वाढत नाही. मुंबईत घरे लिव्ह अँड लायसन्स करारावर जातात, अकरा महिन्यांच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या, आणि वार्षिक वाढ आधीच लिहिलेली असते. मालकाला नवा दर सांगता येतो तो करार संपल्यावर. म्हणून भाड्यातला बदल वर्ष-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने उतरतो. पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांत तो जवळजवळ उतरतच नाही. तिथे भाडे नाममात्र राहते आणि मेट्रोचा भाव पागडी बदलताना दिसतो.

मागितलेली किंमत रास्त आहे का, हे भाड्यावरून ताडता येते. समजा, कुरारजवळच्या एका वन बीएचकेचे भाडे ३०,००० रुपये आहे आणि तिथे वार्षिक भाडे किमतीच्या तीन टक्के पडते. वर्षाचे ३,६०,००० रुपये, म्हणजे घर सुमारे १ कोटी २० लाखांचे. मेट्रोनंतर नव्या करारात भाडे २,००० रुपयांनी वाढले, तर वर्षाला २४,००० रुपये, आणि त्याच तीन टक्क्यांनी किमतीत ८ लाखांची भर. मालक ‘मेट्रो आली’ म्हणून २० लाख जास्त मागत असेल, तर उरलेले १२ लाख आशेचे आहेत. ती आशा पुनर्विकासाची असू शकते आणि ती खोटीच असते असेही नाही, पण तिला मेट्रोचे नाव देऊ नये. शिवाय मुंबईत घरखरेदीवर लागणाऱ्या सहा टक्के मुद्रांक शुल्कातला एक टक्का मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठीचा अधिभार असतो. १ कोटी २० लाखांच्या घरावर तो १ लाख २० हजार होतो, मग ते घर मेट्रोच्या दारात असो वा नसो.

मोजमाप चुकते ते बहुधा तीन कारणांनी. पहिले, काळ. २०१६ ते २०२३ या वर्षांत नोटाबंदी, महारेरा, कोविड आणि २०२०-२१ मधली मुद्रांक शुल्काची तात्पुरती सवलत हे सगळे येऊन गेले. नुसती ‘आधी आणि नंतर’ची तुलना या सगळ्याचे श्रेय मेट्रोला देते. दुसरे, घरच बदलते: जुन्या चार मजली सोसायटीच्या जागी टॉवर उभा राहिला, की सरासरी दर उडी मारतो, पण ती तुलना दोन वेगळ्या घरांची असते. तिसरे कारण खास मुंबईचे आहे. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीतली कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी त्याच गल्लीत भाड्याने घर शोधतात आणि भाडे बिल्डर देतो. अशा दोन-तीन सोसायट्या एकदम रिकाम्या झाल्या, की परिसरातली भाडी चढतात आणि ब्रोकर ते मेट्रोच्या खात्यावर मांडतो.

म्हणून जोडी लावून पाहणे बरे. स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीतली एक सोसायटी आणि त्याच वयाची, तेवढ्याच कार्पेटची, पण रिक्षा करावी लागेल अशी दुसरी सोसायटी घ्यावी. दोन्हींच्या नोंदणीकृत दस्तांतले दर, म्हणजे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सापडणारी इंडेक्स टू, काही वर्षांचे शेजारी ठेवावेत. दोघींच्या दरांतला फरक जेवढा वाढला, तेवढाच मेट्रोचा हिस्सा धरावा. रेडी रेकनरचे दर यासाठी उपयोगाचे नाहीत. ते शासन मुद्रांक शुल्कासाठी ठरवते आणि एका विभागातल्या निवासी इमारतींचा मूळ दर सारखाच धरते.

दहा मिनिटेही नकाशावर मोजू नयेत. मार्ग ७ ची स्थानके हायवेच्या मध्यावर आहेत. पलीकडची इमारत सरळ रेषेत शंभर मीटरवर असली, तरी जिना, पूल आणि पुन्हा जिना असा तिचा रस्ता असतो. उतारवयातल्या माणसाला हे अंतर पाच मिनिटांचे राहत नाही. लिंक रोडवर आणखी एक भेद दिसतो: उन्नत मार्गाच्या पातळीवरचे, रस्त्याकडे तोंड असलेले फ्लॅट गाडीचा आवाज आणि डब्यातून आत येणारी नजर सोसतात. त्याच इमारतीतले मागचे फ्लॅट स्थानकाची सोय तेवढीच घेतात, पण पडदे उघडे ठेवू शकतात.