ln x ≤ x − 1 ही असमानता

कोणत्याही धन संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम त्या संख्येतून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येपेक्षा मोठा नसतो. म्हणजेच x > 0 असेल तर

ln x ≤ x − 1

आणि दोन्ही बाजू समान होतात त्या फक्त x = 1 असताना. लॉगॅरिदमचा आलेख x = 1 पाशी अक्षाला छेदतो. तिथे त्याचा चढ बरोबर १ असतो, म्हणून त्या बिंदूतली स्पर्शिका y = x − 1 ही रेषा होते. आलेख चढत असला तरी त्याचा चढ सतत कमी होत जातो, म्हणजे तो सर्वत्र खालच्या बाजूला वाकत जातो; त्यामुळे तो या स्पर्शिकेच्या वर कधीच येत नाही. लॉगॅरिदम किंवा मोठा गुणाकार असलेल्या राशीला वरून किंवा खालून मर्यादा घालताना गणितात हे साधन फार वापरले जाते, आणि त्याचा उपयोग कितपत होईल हे राशीतील x एकाच्या किती जवळ आणता येतो यावर ठरते.

सिद्धता दोन ओळींची आहे. f(x) = x − 1 − ln x असे फल घेतले की त्याचा अवकलज 1 − 1/x येतो. तो ० आणि १ यांच्यामध्ये ऋण आणि १ च्या पुढे धन असतो. म्हणजे f आधी उतरते, मग चढते, आणि त्याची सर्वांत लहान किंमत f(1) = 0 ही आहे. क्षेत्रफळाच्या भाषेतही हेच दिसते. ln x म्हणजे 1/t या वक्राखालचे १ पासून x पर्यंतचे क्षेत्रफळ. x एकापेक्षा मोठा असेल तर या पट्ट्यात वक्राची उंची एकाहून कमी राहते, म्हणून क्षेत्रफळ x − 1 लांबीच्या आणि १ उंचीच्या आयतात मावते. x एकापेक्षा लहान असेल तर उंची एकाहून जास्त असते, पण क्षेत्रफळ ऋण मोजले जाते, म्हणून असमानतेची दिशा तीच राहते.

याच असमानतेत x च्या जागी 1/x ठेवला की खालची मर्यादा आपोआप मिळते:

1 − 1/x ≤ ln x ≤ x − 1

x = 1 + t असे लिहिले तर उजवी बाजू ln(1 + t) ≤ t होते, आणि घातांकी रूपात 1 + t ≤ eᵗ. हे शेवटचे रूप t च्या सर्व वास्तव किमतींना खरे आहे. लॉगॅरिदमचे रूप मात्र t > −1 असतानाच लिहिता येते.

मर्यादा किती घट्ट आहे हे आकड्यांवरून चटकन कळते. x = 1.1 असताना ln x सुमारे ०.०९५३ आहे आणि रेषा ०.१ सांगते. x = 2 असताना खरी किंमत ०.६९३, तर रेषेची १. x = 10 असताना खरी किंमत २.३०३ आणि रेषेची चक्क ९. एकाच्या जवळ हा फरक साधारण (x − 1)²/2 इतका असतो, त्यामुळे तिथे तो झपाट्याने नगण्य होतो. दूर गेल्यावर मात्र हीच मर्यादा जवळजवळ निरुपयोगी ठरते.

वाढदिवसांचा प्रश्न

ही असमानता काय करू शकते हे दाखवणारे उत्तम उदाहरण संभाव्यतेतील आहे. खोलीत किती माणसे असली म्हणजे त्यांपैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त होते? वर्षाचे ३६५ दिवस सारख्याच संभाव्यतेचे आणि माणसांचे वाढदिवस परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरू. n माणसांपैकी कोणाचाही वाढदिवस दुसऱ्याशी न जुळण्याची संभाव्यता अशी येते:

P = (1 − 1/365)(1 − 2/365) ⋯ (1 − (n−1)/365)

तेवीस माणसांसाठी हा बावीस अवयवांचा गुणाकार आहे. तो हाताने करणे कंटाळवाणे, पण प्रत्येक अवयव एकाच्या अगदी जवळ आहे, आणि आपली असमानता नेमकी तिथेच चोख काम करते. प्रत्येक अवयवाला 1 − k/365 ≤ e^(−k/365) ही मर्यादा लावली की गुणाकाराची बेरीज होते. १ पासून २२ पर्यंतची बेरीज २५३, म्हणून

P ≤ e^(−253/365)

२५३ ला ३६५ ने भागल्यास ०.६९३१५०७ येते. ln 2 ची किंमत ०.६९३१४७२ आहे. हा भागाकार ln 2 पेक्षा केसभर मोठा आणि e^(−ln 2) म्हणजे 1/2 असल्यामुळे P निम्म्याहून कमी आहे, हे सिद्ध झाले. फरक सातव्या दशांश स्थळापर्यंत पाहिल्यास फक्त ०.००००००१ च्या पस्तीसपट आहे! ३६५ ऐवजी ३६६ दिवस धरले असते तर हाच युक्तिवाद तेवीसवर अडला असता, कारण 253/366 ही किंमत ln 2 हून कमी भरते.

आता बावीस माणसे पुरत नाहीत हेही दाखवायला हवे, आणि इथे अनेकांची गल्लत होते. बावीस माणसांसाठी वरचीच मर्यादा लावली तर P ≤ e^(−231/365), म्हणजे सुमारे ०.५३१ येते. हा आकडा निम्म्याहून मोठा आहे, पण त्यावरून P निम्म्याहून मोठा आहे असे म्हणता येत नाही. वरची मर्यादा मोठी निघाली तरी खरी किंमत तिच्या कितीही खाली असू शकते. त्यासाठी खालची बाजू लागते. 1 − 1/x ≤ ln x मध्ये x = 1 − k/365 ठेवल्यास

ln(1 − k/365) ≥ −k/(365 − k)

मिळते. k येथे २१ पर्यंतच जातो, त्यामुळे छेद कधीही ३४४ च्या खाली जात नाही. १ ते २१ ची बेरीज २३१. म्हणून ln P ≥ −231/344, आणि 231/344 म्हणजे सुमारे ०.६७१५, जे ln 2 पेक्षा कमी आहे. यावरून P किमान ०.५१० आहे, बावीस पुरत नाहीत. एका असमानतेच्या दोन बाजूंनी, एकही लांबलचक गुणाकार न करता, तेवीस हे उत्तर दोन्हीकडून पक्के झाले.

प्रत्यक्ष गुणाकार केल्यास तेवीस माणसांसाठी P = ०.४९२७ येतो, तर आपली मर्यादा जवळजवळ ०.५००० होती. ही तफावत कुठून आली तेही सांगता येते. प्रत्येक अवयवात आपण सुमारे (k/365)²/2 इतके सोडून दिले. १ ते २२ च्या वर्गांची बेरीज ३७९५, म्हणून एकूण सोडलेला भाग 3795/(2·365²), म्हणजे ०.०१४२. घातात तेवढी दुरुस्ती केली की ०.४९२९ मिळते, जे खऱ्या किमतीला जवळपास टेकते. असमानता वापरल्यावर असा हिशेब करून पाहणे चांगले, कारण आपण किती गमावले हे त्यातून कळते.

x एकाजवळ आणणे

राशी एकाच्या जवळ नसेल तर तिला एखाद्या योग्य संख्येने भागून जवळ आणता येते. x च्या जागी x/a ठेवल्यास

ln x ≤ ln a + x/a − 1

ही मर्यादा x = a पाशी घट्ट होते; खरे तर ही a बिंदूतलीच स्पर्शिका आहे. ln 10 साठी ९ ही मर्यादा हास्यास्पद होती. पण ८ हा १० च्या जवळचा आणि २ चा घन आहे, म्हणून a = 8 घेतल्यास 3 ln 2 + 0.25, म्हणजे २.३२९ मिळते, खरी किंमत २.३०३. त्याच धर्तीवर x = π/e घेतला तर ln π − 1 < π/e − 1, म्हणजे e·ln π < π, आणि त्यावरून πᵉ < e^π हे गणकयंत्राला हात न लावता सिद्ध होते. π आणि e समान नाहीत, म्हणून असमानता कडक राहते.

कशाने भागायचे हे बहुधा समानतेची परिस्थिती सांगते. अंकगणिती मध्य भूमितीय मध्यापेक्षा लहान नसतो, या सुपरिचित विधानात सर्व संख्या समान असतानाच दोन्ही मध्य समान होतात. म्हणजे प्रत्येक संख्येला त्यांच्या सरासरीने भागले तर समानतेच्या वेळी सर्व भागाकार १ होतील, आणि आपली असमानता तिथेच घट्ट असते. धन संख्या a₁, …, aₙ यांची सरासरी A मानली तर

ln(aᵢ/A) ≤ aᵢ/A − 1

सर्व i साठी बेरीज केल्यावर उजवीकडे n − n = 0 उरते. डावीकडे गुणाकाराचा लॉगॅरिदम आहे, म्हणून a₁a₂⋯aₙ ≤ Aⁿ. ही सिद्धता घातांकी रूपात हंगेरियन गणिती जॉर्ज पोया यांच्या नावाने ओळखली जाते. या विधानाच्या इतर सिद्धतांपेक्षा ती मला अधिक समाधान देते, कारण तिच्यात सरासरीने भागण्याची पायरी ही चलाखी वाटत नाही. समानता कुठे होते हे पाहिले की ती पायरी सुचतेच.

माहिती सिद्धांतातही हाच हिशेब येतो. p आणि q ही एकाच निष्पत्तिसंचावरची दोन संभाव्यता-वितरणे असतील आणि सर्व pᵢ धन असतील, तर Σ pᵢ ln(qᵢ/pᵢ) ≤ Σ (qᵢ − pᵢ) = 0. याला गिब्जची असमानता म्हणतात. इथेही दोन्ही वितरणे समान असताना qᵢ/pᵢ हा भागाकार १ असतो. (एखादा qᵢ शून्य असला तर डावी बाजू ऋण अनंत मानतात, त्यामुळे विधानाला बाधा येत नाही.)

कुठे चुकते

पहिली चूक लॉगॅरिदमच्या पायाची. ही असमानता नैसर्गिक लॉगॅरिदमचीच आहे. पाया १० असेल तर x = 0.5 साठी डावीकडे −०.३०१ आणि उजवीकडे −०.५ येते, म्हणजे विधान सरळ खोटे ठरते. त्या पायासाठी उजव्या बाजूला ०.४३४३ ने गुणावे लागते. दुसरी चूक चिन्हाची: राशीत ln x ला ऋण संख्येने गुणलेले असेल तर दिशा उलटते आणि तिथे 1 − 1/x ≤ ln x ही बाजू घ्यावी लागते. वाढदिवसांच्या प्रश्नात बावीससाठी आपण खालच्या बाजूकडे वळलो तेही मर्यादेची दिशा पाहूनच.

तिसरी अडचण चुकीची नसून साधनाची कुवत संपण्याची आहे. n²(ln(1 + 1/n) − 1/n) या राशीचे n वाढत जाताना काय होते, असा प्रश्न घ्या. आपली असमानता फक्त एवढेच सांगते की ही राशी शून्यापेक्षा मोठी नाही. n = 100 असताना मात्र तिची किंमत −०.४९६७ आहे आणि ती −१/२ कडे जाते. येथे स्पर्शिकेचा भाग आधीच वजा झालेला आहे. जे उरले ते वक्राचे वाकणे आहे, आणि स्पर्शिकेला वाकणे ठाऊक नसते. अशा वेळी t > 0 साठी t − t²/2 ≤ ln(1 + t) ≤ t − t²/2 + t³/3 या पुढच्या पायरीच्या मर्यादा घ्याव्या लागतात. t = 1/n ठेवून n² ने गुणल्यास राशी −1/2 आणि −1/2 + 1/(3n) यांच्यामध्ये अडकते.